कुरिअरची पावती आणि डिपॉझिट: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाड्याचं घर सोडताना फोटो काढा आणि याद्या करा, या माझ्या सल्ल्यावर एका भाडेकरूने लिहिलं:

“तुम्ही भाडेकरूंना उगाच घाबरवता. बदली अचानक झाली, किल्ल्या कुरिअरने पाठवल्या, ‘डिलिव्हर्ड’ आलं, पावती माझ्याकडे आहे. आणखी कसला पुरावा हवा? मालकांना ‘डिपॉझिट कधी देताय?’ असा मेसेजही केला. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. यात तुमचे ते फोटो आणि याद्या काय कामाच्या?”

पावती जपून ठेवा, पण ती काय सांगते ते बघा. एक पाकीट अमुक दिवशी अमुक पत्त्यावर पोचलं, एवढंच. आत काय होतं हे तिच्यावर नसतं. वजनही बहुतेक ठिकाणी ठरावीक टप्प्यातच लिहितात, त्यामुळे रिकामं पाकीट आणि पाच किल्ल्यांचं पाकीट कागदावर सारखंच दिसतं. उद्या मालक म्हणाले की लॅचची एक किल्ली कमी आहे, कुलूप बदलावं लागलं, तर तुमच्या पावतीकडे त्याचं उत्तर नाही.

आणि किल्ली खरंच गहाळ होऊ शकते. साध्या कागदी पाकिटात सुट्या टाकलेल्या किल्ल्या वाटेत आपटून कोपरा फाडतात आणि एखादी बाहेर पडते. म्हणून त्या जाड पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने आडव्या बसवायच्या, वर दुसरा पुठ्ठा ठेवायचा आणि मग छोट्या खोक्यात घालायच्या. बंद करण्याआधी सगळ्या किल्ल्या एका ओळीत मांडून, कुरिअरच्या पावतीचा नंबर शेजारी ठेवून फोटो काढायचा. किल्लीच्या टॅगवर ‘मुख्य दार’ लिहा, घराचा पत्ता लिहू नका. पाठवणाऱ्याच्या जागी सवयीने जुनाच पत्ता टाकला जातो. म्हणजे ज्याच्या हाती पाकीट लागेल त्याला किल्लीही मिळाली आणि दारही!

आता तारखांकडे येऊ, कारण डिपॉझिटचा वाद बहुधा तिथेच अडतो. घर रिकामं केलं ती एक तारीख, पाकीट कुरिअरला दिलं ती दुसरी आणि मालकांच्या हाती पडलं ती तिसरी. भाडेकरू पहिली धरतो, मालक तिसरी. त्यात नोटिशीची मुदत वेगळीच चालू असते आणि किल्ल्या दिल्या म्हणून ती आपोआप संपत नाही.

समजा करारात एक महिन्याची नोटीस आहे. ती ५ तारखेला दिली, १२ ला घर रिकामं केलं, १३ ला पाकीट पाठवलं, १६ ला पोचलं. महिनाअखेरपर्यंतचं भाडं भरलेलं आहे आणि डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याइतकं. इथे १२ की १६ यावर भांडण्यात अर्थ नाही, कारण भाडं तसंही पुढच्या ५ तारखेपर्यंत लागू आहे. तीन महिन्यांच्या भाड्यातून पाच दिवसांचं भाडं आणि शेवटचं वीजबिल वजा जाता उरेल ती रक्कम मागायची. मोडतोडीचं काही निघालं तर तो वेगळा हिशेब. पण तेच पाकीट रखडून पुढच्या ९ तारखेला पोचलं, तर मालक आणखी चार दिवसांचं भाडं मागू शकतात. म्हणून कुरिअर करण्याआधीच ‘ताबा कोणत्या तारखेपासून धरायचा?’ हे लेखी विचारून घ्यावं.

तुमच्या मेसेजला उत्तर न येण्याचं एक कारण त्याच्या शब्दांत असू शकतं. ‘कधी देताय?’ याला ‘बघतो’ म्हणता येतं, किंवा काहीच न म्हणता चालतं. ताबा आणि डिपॉझिट एकाच मेसेजमध्ये असे मांडा:

“नमस्कार. किल्ल्यांचं पाकीट १६ तारखेला आपल्या पत्त्यावर पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसतं. आत मुख्य दाराच्या दोन, लॅचच्या दोन आणि टपालपेटीची एक, अशा पाच किल्ल्या होत्या. फोटो सोबत आहे. घर सोडतानाचं मीटर रीडिंग आणि रिकाम्या खोल्यांचे फोटोही जोडले आहेत. पाचही किल्ल्या मिळाल्या आणि ताबा १६ तारखेपासून आपल्याकडे आहे, एवढं कृपया लेखी कळवा. डिपॉझिट कोणत्या तारखेपर्यंत जमा कराल? काही कापायचं असल्यास कशापोटी आणि किती, ते बिलासह कळवावं.”

पाकीट मालकांनी स्वतः घेतलं की रखवालदाराने, हेही कुरिअरकडे विचारा. सही दुसऱ्याची असेल तर मालकांची पोच आणखीच गरजेची. हा मेसेज करारात दिलेल्या ईमेलवरही पाठवा. करारात परताव्याची मुदत लिहिलेली असेल तर ते कलम मेसेजमध्ये उतरवा. नसेल तर शेवटचं वीजबिल आल्यानंतर किती दिवसांत, असं विचारा, म्हणजे ‘बिल यायचंय’ ही सबब कायम राहत नाही. आठवडाभर वाट पाहून त्याच मेसेजखाली आठवण करा, नवा विषय काढू नका. मालक गप्प राहिले म्हणजे त्यांनी सगळं मान्य केलं असं नव्हे. पण पुढे लेखी नोटीस पाठवायची वेळ आली, तर तुम्ही काय, कधी कळवलं होतं ते तारखांसह एका जागी मिळेल.

तुम्ही पाठवण्याआधी फोटो काढला नसेल, तर आता घाईने किल्ल्यांची संख्या ठासून लिहू नका. ताबा घेताना जी यादी झाली असेल तिच्यातला आकडा आधी पाहा आणि ‘किती किल्ल्या मिळाल्या ते कळवा’ असं मालकांनाच विचारा.