वर्ग फक्त उणे चिन्ह घालवायला घेत नाहीत

पुष्कळ आकड्यांच्या जागी एकच आकडा सांगायचा, तर ज्याच्यापासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वात कमी येते, तो आकडा म्हणजे सरासरी. याबद्दल असं एक म्हणणं असतं:

"सरासरीमागे मोठं गणित काही नाही. फरकांचे वर्ग घेतात ते निव्वळ उणे चिन्ह घालवायला. चिन्ह सोडून फरकांची नुसती बेरीज केली तरी उत्तर सरासरीच येतं. हे सिद्ध करायला कॅल्क्युलस लागतं, म्हणून शाळेत सांगत नाहीत. आणि सरासरीला चूक सर्वात कमी असते, म्हणून तोच खरा आकडा."

पहिलं वाक्य वादापुरतं सोडून देऊ. दुसरं आणि तिसरं मात्र सरळ चूक आहेत, आणि ते तपासायला पाच आकडे पुरतात. पावसाळ्यातल्या एका आठवड्यात घाटकोपरच्या घरापासून फोर्टातल्या ऑफिसपर्यंत मला लागलेली मिनिटं ही: ५२, ५४, ५५, ५७, ८२. शेवटच्या दिवशी शीवजवळ रुळांवर पाणी होतं, गाडी कुर्ल्यालाच रेंगाळली. बेरीज ३००, म्हणून सरासरी ६०. मधला आकडा, म्हणजे मध्यक, ५५.

आता "रोज अमुक मिनिटं लागतात" असा एकच आकडा c सांगायचा आहे. ६० सांगितला तर फरक, म्हणजे अंदाजातल्या चुका, येतात −८, −६, −५, −३ आणि २२. चिन्ह सोडून बेरीज ४४. ५५ सांगितला तर फरक −३, −१, ०, २, २७, आणि चिन्ह सोडून बेरीज ३३. म्हणजे नुसत्या फरकांच्या शर्यतीत सरासरी हरली! कारण साधं आहे. ५५ वरून एक मिनिट पुढे सरकलात की ५२, ५४, ५५ हे तिघं एकेक मिनिटाने लांब जातात आणि ५७, ८२ हे दोघं तेवढेच जवळ येतात. एकूण एकाचा तोटा. तसाच एक मिनिट मागे आलात तरी तोटाच. या हिशेबात कोण किती लांब आहे याला किंमत नाही, फक्त डावीकडे किती आणि उजवीकडे किती एवढंच मोजलं जातं. ८२ च्या जागी १३२ असते तरी उत्तर ५५ च राहिलं असतं.

वर्ग घेतले की चित्र पालटतं. ६० ला वर्गांची बेरीज ६४ + ३६ + २५ + ९ + ४८४ = ६१८. ५५ ला ९ + १ + ० + ४ + ७२९ = ७४३. २७ चा वर्ग एकटाच इतका जड आहे की तो c ला आपल्याकडे ओढतो. ८२ च्या जागी १३२ ठेवा, सरासरी थेट ७० वर जाते. तेव्हा वर्ग घेण्याने नुसतं चिन्ह जात नाही, प्रत्येक चुकीसाठी मोजावी लागणारी किंमतच बदलते: दुप्पट चूक चौपट महाग पडते.

कॅल्क्युलसची गोष्ट. विकलज शून्य धरलं की एका ओळीत उत्तर येतं, हे खरं. पण त्याची गरज नाही, नववी-दहावीचं बीजगणित पुरतं. ७४३ मधून ६१८ वजा करा: १२५ उरतात, म्हणजे ५ × २५, म्हणजे ५ × (६० − ५५)². हा योगायोग नाही. प्रत्येक आकड्याचा c पासूनचा फरक दोन तुकड्यांत लिहा:

(x − c) = (x − ६०) + (६० − c)

याचा वर्ग करून पाचही आकड्यांची बेरीज घेतली की तीन पदं मिळतात. पहिलं ६१८, त्यात c नाहीच. शेवटचं ५(६० − c)². मधलं पद २(६० − c) गुणिले सगळ्या (x − ६०) ची बेरीज; आणि ती बेरीज −८ − ६ − ५ − ३ + २२ = ०. सगळी गंमत इथेच आहे: सरासरीपासूनचे फरक एकमेकांना खाऊन टाकतात. मधलं पद गेलं. c पासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला S(c) म्हटलं, तर उरलं

S(c) = ६१८ + ५(६० − c)²

दुसरा भाग ऋण होऊच शकत नाही, आणि तो शून्य होतो फक्त c = ६० ला. सिद्धता संपली. ५९ आणि ६१ घालून पाहा, दोन्हीकडे ६२३ च येईल. तुमच्या आकड्यांवर सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर वेगळी उत्तरं आली, तर सरासरी काढताना किंवा वर्ग करताना कुठेतरी गडबड झालीय.

राहिला "खरा आकडा". फ्रेंच गणिती लजांद्रने वर्गांची ही पद्धत १८०५ मध्ये छापली. जर्मन गणिती गाउसने १८०९ मध्ये तर उलट वाट धरली: सरासरी हाच उत्तम अंदाज असं गृहीत धरून, चुका कशा विखुरलेल्या असल्या तर तसं घडेल हे शोधलं आणि घंटेच्या आकाराच्या वक्रापाशी पोहोचला. म्हणजे सरासरीचं श्रेष्ठत्व चुकांच्या स्वरूपावर टेकलेलं आहे. आमच्या लोकलच्या उशिराला तो घंटेचा आकार नाही. गाडी दहा मिनिटं लवकर क्वचितच पोहोचते, अर्धा तास उशिरा सहज. त्या आठवड्यात एकाही दिवशी मला ६० मिनिटं लागली नाहीत. पाचपैकी चार दिवस त्याहून कमी लागली आणि पाचव्या दिवशी लेटमार्क बसला.