‘कारण का नाही लिहिलं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सातवीच्या वर्गावर संतापून बोललेल्या एका बाईंनी मुलांना लिहिलेलं माफीपत्र मी त्यांच्या परवानगीने इथे छापलं होतं, त्यावर ही प्रतिक्रिया आली.

प्रतिक्रिया: "मॅडम, बाईंचं ते माफीपत्र वाचून वाटलं की कोर्टात कबुलीजबाब चाललाय. त्या दिवशी त्यांच्या घरी काय चाललं होतं याची एक ओळ तरी लिहायला काय हरकत होती, मुलांनाही कळू दे की शिक्षक माणूसच असतो. अशा पत्रांनी वर्गावरचा धाक संपतो. शिवाय फार लांब आहे. तुम्ही कधी भरलेल्या वर्गासमोर उभ्या राहिला आहात का, की नुसतं लिहिताच?"

सर (सरच म्हणते, कारण 'नुसतं लिहिता' हे ज्या थाटात आलंय तो थाट मला स्टाफरूममधून चांगला माहितीये), आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. हो, उभी राहिलेय. शिकवण्यातच आयुष्य गेलं, खडूने बोटं भेगाळली, घसा बसला, आणि ओरडणं म्हणजे काय हे दोन्ही बाजूंनी माहितीये. हा प्रश्न तुम्ही माहिती हवी म्हणून विचारला नव्हता हे मला कळतंय, तरी उत्तर दिलं. पत्र न आवडणं ठीक आहे, पण ज्या बाईंनी स्वतःहून ते छापायची परवानगी दिली त्यांच्याबद्दल 'कबुलीजबाब चाललाय' असं लिहिताना एकदा थांबायला हवं होतं. त्या या कमेंट वाचतात.

लांबीचं म्हणाल तर मान्य. शेवटचा परिच्छेद अर्धा झाला असता तरी चाललं असतं, सातवीच्या मुलांना इतकं सलग ऐकवू नये. हा मुद्दा तुमचा.

धाकाबद्दल मी वाद घालणार नाही, तो विषय काढला की गाडी कुठे जाते हे ठाऊक आहे.

आता त्या 'एका ओळी'बद्दल बोलू. कारण ती ओळ पत्रात होती. हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, पण होती, पहिल्या ड्राफ्टमध्ये होती आणि तो ड्राफ्ट मी वाचलाय. त्यात लिहिलं होतं, 'गेले काही दिवस घरी आजारपण होतं, माझी झोप झाली नव्हती, त्यात तुमची गडबड चालली होती, त्यामुळे माझा तोल गेला. कोणाला वाईट वाटलं असेल तर मी सॉरी म्हणते.' वाचायला बरं वाटतं ना? मलाही आधी वाटलं. मग आम्ही दोघी बसलो आणि त्या दिवशी वर्गात नेमकं काय काय झालं ते लिहून काढलं. गणिताच्या टेस्टचे पेपर परत देत होत्या. मागच्या बाकांवर हसणं चालू होतं. बाई म्हणाल्या, 'तुम्हाला शिकवणं म्हणजे वेळ वाया घालवणं.' गठ्ठा टेबलावर आपटला, पेपर खाली पडले, ते मुलांना उचलायला लावले. अपूर्णांकांच्या वजाबाक्या चुकलेल्या एका मुलाला सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'तुझ्याकडून दुसरी काय अपेक्षा.' आणि पूर्ण वर्गाचा खेळाचा तास काढून घेतला. आता ही यादी एका बाजूला ठेवा आणि तो ड्राफ्ट दुसऱ्या बाजूला. यादीतली एक तरी गोष्ट ड्राफ्टमध्ये आहे का? नाही. 'तोल गेला' एवढंच आहे. तोल गेला म्हणजे काय झालं, कोणाला काय लागलं, काहीच नाही, आणि आजारपण, झोप, गडबड मात्र तिन्ही व्यवस्थित आलंय.

हे सगळ्यांचंच होतं. कारण लिहायला घेतलं की कृत्य आखडतं. जागा तेवढीच असते आणि लिहिणाऱ्याला कारणाबद्दल लिहिताना बरं वाटतं, कृत्याबद्दल लिहिताना पोटात कालवतं, मग पेन आपोआप तिकडे वळतं.

आणि मुलांच्या कानावर ती ओळ कशी पडते ते बघा. 'त्यात तुमची गडबड चालली होती' हे ऐकल्यावर मागच्या बाकावरचं मूल हिशोब करतं की आपण हसलो म्हणून त्या मुलाला बोलणी बसली. म्हणजे बाईंच्या तोंडच्या वाक्याची जबाबदारी बारा वर्षांच्या पोराकडे गेली. मागच्या बाकावर हसणं झालं हे खरंच आहे, त्यावर बोलायलाही हवं, आणि बाई बोलल्या, पण काही दिवसांनी, वेगळ्या तासाला, नेहमीच्या आवाजात. त्या गोष्टीला त्या पत्रात जागा दिली असती तर माफी आणि रागावणं एकाच कागदावर आलं असतं, आणि अशा कागदातलं मुलांना फक्त रागावणंच ऐकू येतं.

घरच्या आजारपणाचं तर अजून अवघड. तुम्ही म्हणता कळू दे की शिक्षक माणूसच असतो. कळू द्या की, त्यासाठी वर्षभर पडलंय. पण माफीच्या वेळी ते सांगितलं की मुलं लगेच सांभाळायला लागतात. पुढच्या बाकावरची एखादी मुलगी म्हणते, 'असू दे मॅडम, आम्हीच चुकलो.' आणि बाईंचे डोळे भरतात, आणि सगळ्यांना वाटतं किती छान झालं. ज्याला 'तुझ्याकडून दुसरी काय अपेक्षा' ऐकावं लागलं तो मुलगा तेव्हा काय करतोय हे कोणी बघत नाही. त्याने आता रागावायचंही नाही, कारण बाईंच्या घरी आजारपण आहे ना! राग धरला तर तोच निर्दयी.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. शाळेत असताना मला एका शिक्षकांनी फळ्यासमोर उभं करून माझ्या अक्षरावरून अख्ख्या वर्गाला हसवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जवळ बोलावून घरच्या टेन्शनबद्दल बरंच सांगितलं, खूप प्रेमाने सांगितलं, आणि शेवटी 'मग, राग नाही ना?' असं विचारलं. मी काय म्हणणार? 'नाही सर' म्हणाले. त्यांचं ओझं उतरलं, ते मोकळे झाले, आणि त्यानंतर मी फळ्याजवळ जाणं टाळत राहिले. त्यांनी माझ्या अक्षराबद्दल बोललेला एक शब्दही परत घेतला नव्हता. हवी होती तेवढीच एक ओळ, कारणाची नव्हे.

आणखी एक, जे तुम्हाला शिक्षक म्हणून तरी पटायला हवं. होमवर्क राहिलं आणि मुलाने 'घरी बरं नव्हतं' सांगितलं की आपण काय म्हणतो? 'कारणं सांगू नकोस.' मग तोच वर्ग, तेच मूल, आणि आता कारण आपण सांगायचं आणि त्याने ऐकून घ्यायचं?

तुम्ही कदाचित म्हणाल की कारण सांगणं हाही माफीचा भागच असतो. बरोबर, २०१६ मध्ये अमेरिकेतले संशोधक रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माफीचे सहा भाग वेगवेगळे करून लोकांना दाखवले होते, त्यात 'का झालं' हा एक भाग होताच. पण लोकांना सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते 'चूक माझी होती' असं म्हणणं, त्यानंतर झालेलं भरून द्यायची तयारी, आणि सगळ्यात शेवटी क्षमा मागणं. तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता हेही सांगते. मोठा माणूस कारण ऐकून 'पटलं' किंवा 'नाही पटलं' म्हणू शकतो. ज्याचे मार्क तुमच्या हातात आहेत तो 'नाही पटलं' कसं म्हणेल?

म्हणून छापलेल्या पत्रात शेवटी काय राहिलं ते परत बघा, कारण तुम्ही ते नीट वाचलेलं नाही असं मला तुमच्या कमेंटवरून वाटतंय. बाईंनी आपलं वाक्य शब्द न बदलता लिहिलं आणि पुढे 'हे खोटं आहे, मी ते परत घेते' असं लिहिलं. वाक्य जसंच्या तसं लिहिणं फार जड जातं, त्या दोनदा थांबल्या, पण 'मी कठोर बोलले' असं लिहून ते वाक्य परत घेता येत नाही, वर्गाच्या डोक्यात तेच शब्द फिरत असतात. पेपर आपटणं आणि उचलायला लावणं लिहिलं. गेलेला खेळाचा तास कोणत्या दिवशी परत मिळेल ते लिहिलं. पुढच्या वेळी राग आला तर त्या बोलणं थांबवून दाराशी जाऊन उभ्या राहतील आणि वर्गाने तेवढा वेळ उदाहरणं सोडवायची, हेही लिहिलं, म्हणजे मुलांना ते दिसेल आणि ताडून बघता येईल. 'पुन्हा असं होणार नाही' असं आम्ही मुद्दाम ठेवलं नाही, ते वचन कोणी तपासायचं? आणि 'मला माफ करा' पण काढलं, त्याऐवजी 'तुम्ही आत्ता काही बोलायची गरज नाही' असं ठेवलं.

त्या मुलाचं नाव पत्रात नाही, तुमच्या नजरेतून ते सुटलं. एवढंच लिहिलंय की एकाला सगळ्यांसमोर बोलले ते चूक होतं, म्हणून सगळ्यांसमोरच परत घेते. त्याच्याशी बोलणं वेगळं झालं, आणि आधी त्याला विचारलं की बोलायचंय का. तो पहिल्यांदा 'नको' म्हणाला. बाई 'बरं' म्हणाल्या आणि विषय तिथेच सोडला, पुढच्या आठवड्यात तो मुलगा तोच पेपर घेऊन वजाबाकी विचारायला आला. तेव्हा बोलणं झालं, तेही थोडकंच, बाकी वेळ छेद समान करण्यात गेला.

पत्राने सगळं जागेवर आलं असं मी कुठेही म्हटलेलं नाही. काही दिवस वर्ग अति शहाण्यासारखा वागत होता, कोणी हात वर करेना, आणि ते चांगलं लक्षण नसतं, मुलं अंदाज घेत असतात. चुकीचं उत्तर द्यायला हात वर व्हायला लागले तेव्हा बाईंना जरा बरं वाटलं. आणि हेच वर्षात परत झालं तर दुसऱ्या पत्राला काही अर्थ उरणार नाही, मग रजा घ्या, मुख्याध्यापकांशी बोला, तासांची वाटणी बदला, पण पत्र लिहू नका. घरचं आजारपण सांगायची जागा तिथे आहे, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये. तिथे एक ओळ काय, दोन पानं सांगा.

पत्राचा शेवटचा परिच्छेद बाईंना विचारून कमी करते आणि वरची प्रत बदलते. पुढची कमेंट टाकाल तेव्हा 'नुसतं लिहिता' वगळून टाका, उत्तर लवकर मिळेल.