काचऱ्या, कढई आणि 460 कॅलरी

"जरा खाण्याकडे लक्ष द्या," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हसू आलं. गेली सत्तेचाळीस वर्षं मी दुसऱ्या कशाकडे लक्षच दिलेलं नाही. पण त्यांचा अर्थ वेगळा होता. घरी येताच लेकीने माझ्या फोनवर कॅलरी मोजणारं एक ॲप टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या शेजाऱ्याने "ते नको, हे घे, यात आपले पदार्थ आहेत" म्हणून दुसरं टाकलं. मला कुणालाच नाही म्हणता येत नाही. वजनाचं मूळही तेच.

रविवारी जेवण साधंच होतं. दोन घडीच्या पोळ्या, बटाट्याच्या काचऱ्या, वरणभात, वर चमचाभर तूप आणि काकडीची कोशिंबीर. हात धुऊन मी दोन्ही ॲपांत तेच जेवण भरलं. लेकीचं ॲप म्हणालं 582 कॅलरी. शेजाऱ्याचं म्हणालं 1042. एकाच ताटात 460चा फरक! एकाच्या हिशेबाने मला संध्याकाळी भजी चालणार होती, दुसऱ्याच्या हिशेबाने रात्री उपास होता.

साहजिकच मी पहिल्यावर विश्वास ठेवला. पण भजीचं पीठ भिजवायला सांगितल्यावर लेक म्हणाली, "बाबा, कमी आकडा दाखवतंय म्हणून ते खरं का?" मग बसलो एकेक ओळ उघडून बघत.

सगळ्यात मोठा चोर निघाला भात. ताटातला भात मी वजन करून 100 ग्रॅम भरला होता. लेकीच्या ॲपने त्याच्या 130 कॅलरी लावल्या, शेजाऱ्याच्याने 356. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर! 130 हा शिजलेल्या भाताचा, 356 हा कच्च्या तांदळाचा. शेजाऱ्याच्या ॲपने आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यांतून घेतला होता. त्यात आपल्याकडचे 528 खाद्यपदार्थ आहेत आणि ते बहुतेक बाजारातून आणले तसे, कच्चे मोजलेले. लेकीचं ॲप अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे वापरत होतं, त्यात शिजवलेल्या पदार्थांच्याही नोंदी आहेत. तांदूळ शिजताना पाणी पिऊन वजनाने दुपटीहून जास्त होतो आणि पाण्याला कॅलरी नसतात, एवढीच यातली गंमत. म्हणजे शेजाऱ्याचं ॲप खोटं बोलत नव्हतं, मी कच्चे तांदूळ चावून खाल्ले असं ते धरून चाललं होतं.

वरणात उलटा प्रकार. इथे लेकीच्या ॲपने जास्त लावल्या, 182. कारण त्यातली 'शिजलेली तूर' म्हणजे घट्ट उकडलेले अख्खे दाणे. आमच्या घरचं वरण वाटीत ओतलं की वाटीचा तळ दिसतो. एका वाटीत जेमतेम 30 ग्रॅम डाळ, म्हणजे 100च्या आसपास कॅलरी. शेजाऱ्याच्या ॲपने 90 लावल्या होत्या. या प्रश्नावर आईला साक्षीला बोलावलं तर ती म्हणाली, "पातळ वाटतं तर उद्यापासून तूच घाल फोडणी." पुढची चौकशी मी तिथेच थांबवली.

तुपाची गोष्ट तर एका अक्षराची. लेकीच्या ॲपात 1 tsp निवडलं गेलं होतं, शेजाऱ्याच्यात 1 tbsp. पहिला आपला चहाचा चमचा, 5 ग्रॅम तूप, 45 कॅलरी. दुसरा मोठा, 14 ग्रॅम तूप, 126 कॅलरी. मधल्या त्या 'b'ची किंमत 81 कॅलरी, एक अख्खा फुलका!

पोळीचा निकाल मात्र ॲपानेच स्वतःविरुद्ध दिला. लेकीच्या ॲपात एका पोळीला 70 कॅलरी होत्या. त्याच नोंदीत खाली लिहिलेलं: कर्बोदकं 15 ग्रॅम, प्रथिनं 3, स्निग्ध 4. आता कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला 4 कॅलरी देतात, स्निग्ध 9. हे अॅटवॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं काम आणि बहुतेक ॲपं आजही त्यावरच चालतात. गुणाकार करा: 60, 12 आणि 36. बेरीज 108. मग वर 70 कुठून आले? कुणीतरी हौशी माणसाने हाताने भरले होते. अशा नोंदी कुणीही टाकू शकतो आणि त्या शोधात अनेकदा वर येतात. तंतूंमुळे किंवा आकडे पूर्णांकात केल्यामुळे पाच-दहा टक्के इकडेतिकडे होतंच, पण 70 आणि 108 म्हणजे गडबड. तेव्हापासून अनोळखी नोंद दिसली की मी आधी हा 4-9-4चा पाढा म्हणतो.

काचऱ्यांपाशी आलो तेव्हा दोन्ही ॲपं हरली. एकाने नुसता उकडलेला बटाटा धरला, दुसऱ्याने कुणाच्या तरी हॉटेलातली भाजी. कढईत आमच्या आईने किती तेल ओतलं हे हैदराबादला माहीत असणार नव्हतं आणि वॉशिंग्टनला तर नाहीच. तेल आईलाही माहीत नसतं. "अंदाजाने" हे तिचं एकक. शेवटी मी तेलाची बाटली आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवली: 40 ग्रॅम. म्हणजे 360 कॅलरी. बटाटे 400 ग्रॅम, त्यांच्या सुमारे 280. एकूण 640, जेवणारे चार. माझ्या वाट्याला 160 आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त बटाट्याच्या नव्हेतच.

अशा रीतीने कणीक, तेल, डाळ सगळं तोलून जेवणाची बेरीज आली साधारण 760. म्हणजे दोघंही चूक, एक खाली, एक वर.

मग ठेवायचं कोणतं? मी बेरजेवरून निवड करणं सोडलं. दोन गोष्टी बघितल्या. नोंद कच्च्याची की शिजलेल्याची आणि ती कुठून आली हे दिसतं का. आणि मुख्य म्हणजे, घरचा पदार्थ आपल्या साहित्याने भरून, शिजल्यावरचं एकूण वजन देऊन ग्रॅमवर वाटून देता येतो का. शेजाऱ्याच्या ॲपात हे दोन्ही होतं, लेकीच्यात नोंदीचा उगम भातासारख्या मोजक्याच पदार्थांना दिसत होता. शिवाय ठरवलं की एकच ठेवायचं. रोज थोडं चुकणारं एकच घड्याळ असलं तर माणूस गाडी पकडतो, दोन वेगवेगळी चुकणारी असली तर फलाटावर भांडत बसतो.

पुढच्या आठवड्यात काचऱ्या पुन्हा झाल्या. मी साहित्य भरलं, शिजल्यावर वजन केलं, 1280 ग्रॅम आलं, ते टाकलं, आणि माझ्या 80 ग्रॅम काचऱ्यांच्या फक्त 40 कॅलरी निघाल्या! मागच्या वेळेच्या चौथा हिस्सा! मी लेकीला बोलावून दाखवलं, आईच्या हातातल्या जादूबद्दल चार वाक्यं बोललो आणि त्या आनंदात आणखी एकदा वाढून घेतलं.

आई कढई घासायला घेताना काट्याकडे बघून म्हणाली, "हे आकडे कढईसकट घेतलेस ना रे?"

नुसती कढई काट्यावर ठेवली. 960 ग्रॅम.