आलेखावरच्या त्या उभ्या रेघेकडे आधी बघा

संशोधनाचा आलेख पेपरात किंवा व्हॉट्सॲपवर येतो तेव्हा आपली नजर रंगीत खांबांवर जाते. एक खांब उंच, एक ठेंगणा, निकाल लागला. पण नीट बघितलं तर प्रत्येक खांबाच्या टोकावर एक बारीक काळी उभी रेघ असते, वर-खाली आडव्या टोप्या असलेली. हाच एरर बार. आकड्यांचं काम मी रोज करते, आणि माझं मत अगदी ठाम आहे की आलेखात खांबापेक्षा ती रेघ जास्त बोलते. खांब फक्त एक आकडा सांगतो. त्या आकड्यावर किती भार टाकायचा, हे रेघ सांगते. म्हणूनच पेपरात आलेख छापताना रेघा पुसून फक्त खांब ठेवलेले दिसले की मला मनापासून वाईट वाटतं.

उदाहरण आपल्या मुंबईचंच घेते. जुलै 2020 मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर ही कुलाब्याची संशोधन संस्था यांनी मिळून शहरात सेरो सर्व्हे केला. लोकांचं रक्त घेऊन त्यात कोरोनाच्या अँटीबॉडी आहेत का ते पाहिलं, म्हणजे नकळत किती जणांना संसर्ग होऊन गेला याचा अंदाज यावा. वॉर्ड तीनच होते: आर-उत्तर म्हणजे दहिसरकडचा भाग, एम-पश्चिम म्हणजे चेंबूर आणि एफ-उत्तर म्हणजे माटुंगा-वडाळा. तेव्हा बातम्यांत 57 आणि 16 टक्के हे आकडे गाजले. नंतर सविस्तर शोधनिबंध आला, त्यात लोकसंख्येच्या प्रमाणात हिशोब करून झोपडपट्टीत 54.1 टक्के आणि बाकी वस्तीत 16.1 टक्के असे आकडे दिले होते. 54.1 च्या पुढे कंसात 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल होता, 52.7 ते 55.6. आलेखावर काढायची रेघ ती हीच, खालची टोपी 52.7 वर आणि वरची 55.6 वर.

हा पल्ला येतो कुठून? आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी तेव्हा मला जिन्यात थांबवून विचारलं होतं, "माझं रक्त तर कुणी घेतलं नाही, मग हा आकडा आमच्या वॉर्डाचा कसा?" प्रश्न अगदी बरोबर आहे. झोपडपट्टीतल्या 4,202 जणांचं रक्त तपासलं होतं. त्यांच्याऐवजी शेजारच्या गल्लीतले दुसरे 4,202 जण निवडले गेले असते तर आकडा 54.1 आला नसता. 53.2 आला असता, कदाचित 55. निवडीतल्या या नशिबाच्या भागाचा हिशोब करता येतो. 0.541 ला 0.459 ने गुणायचं, 4,202 ने भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि त्याला 1.96 ने गुणायचं. उत्तर येतं 0.015, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण दीड टक्का. 54.1 मधून दीड वजा करा, दीड मिळवा, छापलेल्या आकड्यांच्या अगदी जवळ पोचता.

या हिशोबात तपासलेल्या माणसांची संख्या वर्गमुळाखाली बसते आणि त्यामुळेच रेघ हट्टी असते. ती निम्मी करायची तर चौपट लोक तपासावे लागतात. उलट बाजूने, 4,202 ऐवजी फक्त 42 जण तपासले असते आणि योगायोगाने खांब 54 वरच आला असता, तरी रेघ 39 पासून 69 पर्यंत ताणली गेली असती. दोन्ही आलेखांतले खांब सारखेच. रेघा पुसल्या तर वाचणाऱ्याला यातला भक्कम कोणता हे कळायला काही मार्गच उरत नाही.

आता त्या 95 टक्क्यांचा अर्थ. "खरा आकडा या पल्ल्यात असण्याची शक्यता 95 टक्के" असं सर्रास म्हणतात. 1937 साली संख्याशास्त्रज्ञ येझी नेमान यांनी ही कल्पना मांडली तेव्हा त्यांचं म्हणणं यापेक्षा थोडं वेगळं होतं. ही हमी पद्धतीची आहे. असाच सर्व्हे, अशाच रीतीने, शंभर वेळा केला आणि दर वेळी रेघ काढली, तर साधारण 95 रेघा खऱ्या आकड्याला पोटात घेतील आणि पाचएक चुकतील. आपल्या हातातली रेघ त्या 95 मधली की पाचांतली, हे तिच्याकडे बघून सांगता येत नाही. रोजच्या वाचनासाठी "या पल्ल्यातले आकडे मिळालेल्या माहितीशी जुळतात" एवढं धरलं तरी पुरतं. आणि हो, पल्ल्यातले सगळे आकडे सारखेच जुळणारे नसतात, मधले जास्त जुळतात आणि टोकांकडचे कमी.

इथे एक गडबड आहे, आणि ती शिकलेल्या लोकांनाही चकवते. प्रत्येक आलेखावरची रेघ कॉन्फिडन्स इंटरव्हल असतेच असं नाही. दिसायला हुबेहूब सारख्या, पण तीन निरनिराळ्या गोष्टी या रेघेने दाखवतात. समजा 100 बायकांचं हिमोग्लोबिन तपासलं, सरासरी 11 आली आणि प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आलं दीड. ते रेघेने दाखवलं तर रेघ 9.5 ते 12.5 अशी लांबलचक येते. ही रेघ बायकाबायकांमधला फरक सांगते, साधारण दोन तृतीयांश जणी या पल्ल्यात आहेत असं. जास्त जणी तपासल्या म्हणून ती आखूड होत नाही, कारण माणसं वेगवेगळी असणारच.

पण हीच रेघ स्टँडर्ड एररची काढली तर? दीडला 100 च्या वर्गमुळाने, म्हणजे दहाने भागा, 0.15 येतं. रेघ 10.85 ते 11.15, चिमुकली. आता ती बायकांबद्दल काही सांगत नाही, सरासरी किती पक्की आहे एवढंच सांगते. आणि तेही अर्धवट, कारण एवढीशी रेघ शंभरातल्या साधारण 68 वेळाच खरी सरासरी पकडते. 95 टक्क्यांची हवी तर ती जवळजवळ दुप्पट करायची, 10.7 ते 11.3. माहिती एकच, बायका त्याच, आणि रेघेची लांबी एकदा तीन, एकदा 0.3, एकदा 0.6.

प्रयोगशाळेतल्या आलेखांत स्टँडर्ड एररची रेघ फार आवडीने वापरतात. सगळ्यांत आखूड तीच, म्हणून काम सगळ्यांत नेटकं दिसतं. माझ्याकडे असे आलेख येतात तेव्हा मी आधी खाली बारीक अक्षरात n किती लिहिलाय ते बघते. बरेचदा तिथे n = 3 असतं, म्हणजे प्रयोग तीनदाच झालाय. इतक्या कमी नमुन्यावर 95 टक्क्यांची रेघ हवी असेल तर स्टँडर्ड एररला दोनने गुणून भागत नाही, 4.3 ने गुणावं लागतं. रेघ चौपटीहून लांब होते आणि मघाशी इतके वेगळे दिसणारे खांब एकमेकांच्या पल्ल्यात जाऊन बसतात. कुठली रेघ आहे हे आकृतीखाली लिहिलेलंच नसेल, तर तो आलेख वाचता येत नाही असं मी सरळ कळवते आणि परत पाठवते. यात कडकपणा काही नाही, खरंच वाचता येत नाही.

दोन रेघा शेजारी असल्या की लोक विचारतात, एकमेकींवर येतात की नाही? 95 टक्क्यांच्या रेघा असतील आणि अजिबात एकमेकींवर येत नसतील, तर फरक नशिबाने पडला असण्याचा संभव फारच कमी. झोपडपट्टीची रेघ 52.7 पासून सुरू होते आणि बाकी वस्तीची 14.9 ते 17.4, तिथे प्रश्नच नाही. पण रेघा थोड्या एकमेकींवर आल्या म्हणजे "फरक नाही" असं होत नाही. ऑगस्टमध्ये सर्व्हेची दुसरी फेरी झाली तेव्हा बाकी वस्तीचा आकडा 16 वरून 18 वर गेला. दुसऱ्या फेरीत एकूण 5,384 नमुने होते. त्यातले निम्मे बाकी वस्तीतले होते असं धरून चाललं तर रेघ 16.5 ते 19.5 येते. जुलैची 17.4 वर संपते, म्हणजे दोघी थोड्याशा एकमेकींवर. अशा वेळी दोन रेघा न्याहाळत बसू नये, फरकाचाच पल्ला काढावा. तो येतो शून्य ते चार. वाढ अजिबात झाली नसेल किंवा चार टक्क्यांनी झाली असेल, दोन्ही गोष्टी आकड्यांशी कशाबशा जुळतात. "वाढ झाली" हा मथळाही घाईचा आणि "वाढ नाही" हाही.

आणि आता मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते. रेघ फक्त निवडीतल्या नशिबाचा हिशोब ठेवते, बाकी कशाचाच नाही. त्याच शोधनिबंधात पुढे एक दुरुस्ती आहे. अँटीबॉडीची टेस्ट परिपूर्ण नसते, संसर्ग होऊन गेलेले काही जण तिच्या हातून निसटतात. ते धरून आकडा पुन्हा काढला तर झोपडपट्टीचं प्रमाण 58.4 टक्क्यांपर्यंत जातं आणि पल्ला होतो 56.8 ते 59.9. आधीचा पल्ला आठवा, 52.7 ते 55.6. रक्त तेच, माणसं तीच, आणि दोन्ही रेघा एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत! पहिली रेघ चुकीची नव्हती. "टेस्ट पॉझिटिव्ह किती" याचं उत्तर तिने चोख दिलं होतं. "संसर्ग किती जणांना होऊन गेला" हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता, आणि तिची आखूड लांबी बघून आपण मात्र तिला त्याही प्रश्नाची साक्षीदार करून टाकतो.

हीच गोष्ट ज्यांनी रक्त द्यायला नकार दिला त्यांची. ठरवलेले नमुने होते 8,870, मिळाले 6,936. जे आले नाहीत ते आलेल्यांपेक्षा वेगळे असतील तर आकडा एका बाजूला सरकतो, आणि रेघ आहे तेवढीच राहते. नमुना वाढवूनही हा दोष जात नाही, उलट रेघ आणखी आखूड होऊन चुकीचा आकडा आणखी खात्रीचा दिसायला लागतो. धारावी तर जी-उत्तर वॉर्डात येते, ती या सर्व्हेत नव्हतीच. तिच्याबद्दल ही रेघ काहीही सांगत नाही, मग ती कितीही आखूड असो.

म्हणून आलेख छापणाऱ्या संपादकांकडे माझं एकच मागणं आहे. रेघा पुसू नका, आणि खाली एवढं छापा: "उभ्या रेघा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलच्या. झोपडपट्टी 4,202 नमुने, बाकी वस्ती 2,702. वॉर्ड तीन. टेस्टमधून निसटलेले रुग्ण धरलेले नाहीत." चारच छोटी वाक्यं आहेत, आकृतीखाली दोन ओळींत मावतात.