'वजा वजा अधिक' : अर्धाच नियम

«कंसाबाहेर वजा दिसला की आतली चिन्हं उलटी करा आणि 'वजा वजा अधिक' पाठ ठेवा. मग विस्तार असो की अवयव, चिन्ह चुकणारच नाही.»

आधी पाठ केलेलं वाक्य घेऊ. ते गुणाकार-भागाकाराचं आहे, बेरजेचं नाही. पण वहीत −3 − 4 = 7 सर्रास दिसतं. दोन वजा दिसले, झाला अधिक! इथे गुणाकार कुठेच नाही. तीन रुपये उधारी, त्यात आणखी चार : −7.

आता चिन्हं उलटी करण्याबद्दल. 7 − 2(x − 3) सोडवताना मुलं आतली चिन्हं उलटतात, पण बाहेरचा वजाही तसाच ठेवतात : 7 − 2(−x + 3). म्हणजे चिन्ह दोनदा बदललं. दुसरी चूक याहून जास्त होते : 7 − 2x − 6. वजा पहिल्या पदापर्यंत पोचला, दुसऱ्याला विसरला. बाहेर −2 आहे, नुसता वजा नाही. तो चिन्हासकट उचलून प्रत्येक पदाला गुणायचा. −2 गुणिले x म्हणजे −2x, −2 गुणिले −3 म्हणजे +6. उत्तर 13 − 2x. मी मुलांना −2 भोवती पेन्सिलीने गोल करायला लावतो. बालिश वाटतं, पण वजा मागे राहत नाही.

खरी गंमत अवयव पाडताना. तिथे कंस आधी नसतोच, आपण तयार करतो, त्यामुळे उलटं करायला 'आतलं' काही नसतं. 2x² − 7x + 6 घ्या. मधलं पद फोडून 2x² − 4x − 3x + 6. पहिल्या जोडीतून 2x(x − 2). दुसऱ्या जोडीतून −3 बाहेर काढताना हमखास −3(x + 2) लिहिलं जातं, कारण शेवटी +6 दिसतो. इथे भागाकार चाललाय : −3x ला −3 ने भागलं की x, आणि +6 ला −3 ने भागलं की −2. म्हणून −3(x − 2), आणि अवयव (x − 2)(2x − 3).

ही चूक स्वतःच ओरडून सांगते, कारण दोन कंस जुळत नाहीत. फोड बरोबर असूनही कंस जुळले नाहीत, तर बाहेर काढलेल्या संख्येचं चिन्ह आधी तपासा. पण मुलं काय करतात? कंस जुळावेत म्हणून गुपचूप + चा − करतात. उत्तर बरोबर, गुणही मिळतात, कारण मात्र कळलेलं नसतं.

पडताळ्यासाठी x च्या जागी संख्या ठेवा, पण 0 नको. 7 − 2(x − 3) चं चुकीचं उत्तर 13 + 2x सुद्धा x = 0 ला 13 च देतं. x = 2 ठेवा : मूळ राशी 9, चुकीचं उत्तर 17.