साहेबांच्या तोंडी आपले गुण

नागपूरच्या मिहानमधल्या एका गोदामात साठा नियंत्रण प्रमुखाच्या जागेसाठी माझे नाव जवळजवळ पक्के झाले, आणि तिथल्या एचआरने रेफरन्स म्हणून जुन्या साहेबांचा नंबर मागितला. नंबर देण्याआधी साहेबांची परवानगी घ्यावी, आणि तीही त्यांना नाही म्हणायला वाव ठेवून, असे माझे ठाम मत आहे. कारण भिडेखातर हो म्हणणारा माणूस फोनवर ‘हो, बरा होता’ एवढेच बोलतो आणि त्या ‘बरा’मध्ये उमेदवाराचे विसर्जन होते.

साहेब निवृत्त होऊन त्रिमूर्तीनगरात राहतात. मी संत्राबर्फी घेऊन गेलो. ते म्हणाले, “अरे सांगतो ना बापा! पोरगा सज्जन आहे, निर्व्यसनी आहे, कधी उलटून बोलला नाही, असं सांगतो.” हे वर्णन स्थळासाठी उत्तम होते, साठा नियंत्रणाला त्याचा उपयोग नव्हता.

मग मी जागेची जाहिरात, माझा बायोडेटा आणि एका कागदावर दोनच आठवणी त्यांच्यापुढे ठेवल्या. पहिली अशी, की संगणकातला साठा आणि मांडणीवरचा माल जुळत नसे, म्हणून वर्षअखेरच्या एका मोजणीवर न विसंबता आम्ही महागडा माल दर आठवड्याला आणि स्वस्त माल तिमाहीला मोजू लागलो. दुसरी, तफावतीचे मूळ चोरीत नसून परत आलेला माल नोंदीविना मांडणीवर ठेवण्यात आहे, हे मी शोधले होते. शब्द मात्र मी लिहून दिले नाहीत, कारण पाठ केलेली स्तुती ऐकणाऱ्याला लगेच कळते. साहेबांना दुसरी आठवण पटली. पहिली मात्र “ती कल्पना माझी होती” म्हणून त्यांनी दुरुस्त केली, आणि ती खरोखर त्यांचीच असल्यामुळे कागदावर माझ्याकडे फक्त अंमलबजावणी उरली. माझे पद आणि नोकरीच्या तारखा अनुभवपत्राशी ताडून घेतल्या, कारण त्यांच्या हिशेबी मी दोन वर्षे जास्त राबलो होतो.

खरी कसोटी ठरलेल्या प्रश्नांची होती. “याला पुन्हा कामावर घ्याल का?” असे विचारतील, हे सांगताच साहेब म्हणाले, “मी रिटायर झालो, आता कशाला घेऊ?” एचआरच्या कानांना हे उत्तर थेट नकारासारखे ऐकू आले असते, म्हणून प्रश्नामागचा हेतू त्यांना समजावून सांगावा लागला. उणीव विचारल्यास, हाताखालच्यांना काम न सोपवता मी स्वतःच करत बसतो, हे सांगायचे ठरले. ते खरेही होते. अनोळखी नंबर ते उचलत नसल्यामुळे एचआरचा नंबर मी त्यांच्या मोबाइलमध्ये नावानिशी साठवून दिला.

दुसऱ्या दिवशी फोन येऊन गेल्यावर साहेबांनी मला सगळे कळवले. उणीव त्यांनी ठरल्याप्रमाणे सांगितली, आणि वर आपल्या मनाने जोडले, “पण आता पुष्कळ सुधारला आहे. कालच घरी येऊन मला कागद देऊन काम सोपवून गेला.”