'अन्' खोडला, मस्दर लिहिला, तरी वाक्य झालं नाही

«अरबीत 'अन्' आणि त्याच्यापुढे मुदारिअ दिसला की दोन्ही खोडा, तिथे मस्दर लिहा. बाकीचं वाक्य जसंच्या तसं राहतं. अर्थ तसूभरही बदलत नाही. कुठल्याही वाक्यात चालतं आणि हवं तेव्हा उलटही फिरवता येतं.»

अरबी शिकणाऱ्या मराठी मुलांमध्ये ही टीप इतकी फिरली आहे की नवा विद्यार्थी ती पाठ करूनच वर्गात येतो. 'अन्' हा क्रियापदाआधी येणारा जोडशब्द, मुदारिअ म्हणजे क्रियापदाचं चालू किंवा पुढच्या काळाचं रूप आणि मस्दर म्हणजे क्रियेचं नाम. तिचा उगम समजण्यासारखा आहे. जवळपास प्रत्येक व्याकरणात पहिलं उदाहरण कुरआनच्या दुसऱ्या सूरेतल्या 184 व्या आयतीचं असतं: 'व अन् तसूमू खैरुन् लकुम', तुम्ही रोजे ठेवणं तुमच्यासाठी अधिक चांगलं. 'अन् तसूमू'च्या जागी 'सियामुकुम' ठेवलं की 'खैरुन् लकुम' हा भाग खरोखरच जागचा हलत नाही. पण ते वाक्य फार सोयीचं आहे. त्या क्रियापदाला कर्म नाही, सोबत शब्दयोगी अव्यय नाही, नकार नाही. यातलं एक जरी आलं तरी टीप तोंडघशी पाडते.

पुढच्या उदाहरणांत शब्दाच्या शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारायचा आहे, कारण सगळा खेळ शेवटच्या स्वराचा आहे. 'उ' म्हणजे रफअ, 'अ' म्हणजे नस्ब आणि 'इ' म्हणजे जर्र, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

सुरुवात आजूबाजूच्या शब्दांपासून करू. 'उरीदु अन् अक्तुब अर्-रिसालत', मला पत्र लिहायचं आहे. इथे 'रिसालत' क्रियापदाचं कर्म आहे, म्हणून शेवटी 'अ'. मस्दर आणला की वाक्य होतं 'उरीदु किताबत अर्-रिसालति'. पत्र तेच, पण आता ते 'किताबत'शी षष्ठीने जोडलं गेलं आणि त्याचा शेवट 'इ' झाला. 'किताबत'च्या शेवटी 'अ' आहे तो वेगळ्या कारणाने: 'उरीदु'चं कर्म आता तीच आहे.

मराठी माणूस इथे हमखास घसरतो आणि त्याला कारण आपली भाषाच आहे. आपण 'पत्र लिहिणं' म्हणतो. 'णं' लावलं तरी 'पत्र' तसंच राहतं. पण 'लेखन' हे नाम घेतलं की 'पत्राचं लेखन' म्हणावं लागतं. अरबी मस्दर एकट्या कर्मापाशी 'लेखन'सारखा वागतो, 'लिहिणं'सारखा नाही. वहीत 'किताबत अर्-रिसालत' दिसलं की समजावं, मुलगा मनात 'पत्र लिहिणं' धरून बसला आहे. दुसरी खूण म्हणजे 'अल्-किताबत अर्-रिसालत' असं, नामाला निश्चित करणारं 'अल्' चिकटवलेलं रूप. षष्ठीच्या जोडीत पहिल्या शब्दाला 'अल्' लागत नाही. 'अल्'वाल्या मस्दराने पुढे कर्म घेतल्याची उदाहरणं जुन्या कवितेत आहेत, पण आजच्या गद्यात तसं कोणी लिहीत नाही.

कर्ता आणि कर्म दोन्ही समोर असले की चित्र पुन्हा पालटतं. 'युअजिबुनी अन् यश्रह अल्-मुअल्लिमु अद्-दर्स', शिक्षक धडा समजावून सांगतात ते मला आवडतं. याचं मस्दरी रूप: 'युअजिबुनी शर्हु अल्-मुअल्लिमि अद्-दर्स'. एकेक शेवट पाहा. 'शर्हु'ला 'उ', कारण 'आवडतं' या क्रियापदाचा कर्ता आता तोच. 'मुअल्लिमु'चं 'मुअल्लिमि' झालं, कारण मस्दराने कर्त्याला षष्ठीत ओढलं. आणि 'अद्-दर्स' मात्र जसा होता तसाच, शेवटी 'अ' घेऊन. षष्ठीची जागा एकच असते. ती कर्त्याने घेतली की कर्म आपला नस्ब राखून राहतं. आता मराठीत बघा: 'शिक्षकांचं धडा समजावून सांगणं'. कर्त्याला 'चं', कर्म मोकळं. इथे आपलं वळण अरबीशी तंतोतंत जुळतं. आजच्या लेखनात बरेच जण कर्मापुढे 'लि' लावून 'शर्हु अल्-मुअल्लिमि लिद्-दर्सि' असंही लिहितात, आणि वाचायला ते सोपं जातं.

दमिश्कमध्ये 1274 साली वारलेल्या इब्न मालिकने आपल्या सुमारे हजार ओळींच्या पद्यव्याकरणात हेच सांगून ठेवलं आहे: मस्दर ज्याला जोडला त्याला जर्र दिल्यावर उरलेलं काम रफअने किंवा नस्बने पुरं करायचं. शब्दाशब्दाचा शेवट तपासणं ही आजच्या शिक्षकांची हौस नव्हे.

कर्ता क्रियापदातच लपलेला असेल तर तो कुठे जातो, हेही दर वेळी ठरवावं लागतं. 'उरीदु अन् अज्हब' मध्ये इच्छा माझी आणि जाणंही माझं, म्हणून 'उरीदु अज्-जहाब' पुरतं. 'उरीदु अन् तज्हब' मध्ये जाणारा तू आहेस, म्हणून 'उरीदु जहाबक'. 'यजिबु अन् तक्तुब अद्-दर्स', तू धडा लिहायला हवास, यात 'तू' मस्दराला न चिकटता 'अलैक' होऊन बाहेर येतो: 'यजिबु अलैक किताबतु अद्-दर्सि'. मस्दराला 'क' चिकटवून 'यजिबु किताबतुक' लिहिलेलं मी पुष्कळदा तपासलं आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला ते खटकतं.

मस्दराच्या घडणीवर मी थोडक्यात सांगतो. तीन अक्षरांच्या मूळ क्रियापदांचे मस्दर पाठच करावे लागतात: 'कतब'चा 'किताबत', 'दखल'चा 'दुखूल', 'फहिम'चा 'फहम'. वाढीव रूपांचे साचे मात्र बहुतांशी ठरलेले असतात आणि त्यातले काही आपल्या तोंडात आहेतच. तालीम, तपशील, तहसील, तजवीज हे चारही एकाच साच्याचे मस्दर. इन्कार दुसऱ्या साच्याचा.

आता ज्या मुद्द्यावर ही टीप सर्वांत जास्त नुकसान करते तो. अरबीत अनेक क्रियापदं आपलं अव्यय सोबत बाळगतात. 'रगिब'ला 'फी' लागतं, 'समह'ला 'बि' लागतं. 'अन्' पुढे आला की हे अव्यय गाळायची मुभा असते. म्हणून 'अर्गबु अन् उसाफिर' (मला प्रवास करावासा वाटतो) आणि 'समह ली अन् अद्खुल' (त्याने मला आत येऊ दिलं) ही वाक्यं बरोबर आहेत. मस्दर आला की ती मुभा संपते. 'अर्गबु फी अस्-सफरि', 'समह ली बिद्-दुखूलि' असंच लिहावं लागतं. जी गोष्ट मूळ वाक्यात डोळ्यांना दिसत नव्हती ती आणायची आहे. नुसतं खोडून आणि भरून ती येणार कुठून? हान्स वेअर यांच्या कोशात क्रियापदासोबत लागणारं अव्यय आणि मूळ रूपाचा मस्दर दोन्ही दिलेले असतात. रूपांतर करण्याआधी तिथे बघून घेणं हा एकच खात्रीचा उपाय आहे.

गाळलेलं अव्यय नेमकं कोणतं, यावर अर्थ उलटा होऊ शकतो. कुरआनच्या चौथ्या सूरेतल्या 127 व्या आयतीत अनाथ मुलींविषयी शब्द आहेत 'व तर्गबून अन् तन्किहूहुन्न'. इथला 'अन्' अलिफचा, म्हणजे आपला क्रियापदाआधीचा. 'रगिब' मात्र दोन अव्ययं घेतो: 'फी' घेतलं तर इच्छा होणं, आणि ऐनने लिहिलं जाणारं 'अन' घेतलं तर नकोसं होणं, तोंड फिरवणं. आयतीत दोन्हीपैकी एकही नाही. म्हणून भाष्यकारांनी दोन्ही अर्थ नोंदवले: त्यांच्याशी लग्न करावंसं तुम्हाला वाटतं, किंवा त्यांच्याशी लग्न करणं तुम्हाला नको असतं. मूळ रचना दोन्ही अर्थांना जागा देते. तिचा मस्दर करायला बसा, आणि तुम्हाला 'फी निकाहिहिन्न' की 'अन निकाहिहिन्न' हे निवडावंच लागेल. निवडलं त्या क्षणी एक अर्थ बाहेर गेला. अर्थ बदलत नाही असं मुलांना शिकवणाऱ्यांनी ही आयत एकदा फळ्यावर सोडवून दाखवावी.

याच्या उलटही घडतं: दोन स्पष्ट वाक्यं मस्दरात येऊन एकमेकांत मिसळतात. 'उरीदु अन् उसाइदक' म्हणजे मला तुला मदत करायची आहे. 'उरीदु अन् तुसाइदनी' म्हणजे तू मला मदत करावीस. दोन्हींचा मस्दर सरधोपटपणे काढला तर हाती येतं 'उरीदु मुसाअदतक'. ऐकणाऱ्याने मदत करायची की घ्यायची? दुसरा अर्थ हवा असेल तर 'मुसाअदतक ली' असं पुढे जोडून तो बांधून द्यावा लागतो. नोकरीच्या अर्जात किंवा गल्फमधल्या कार्यालयाला लिहिलेल्या पत्रात ही संदिग्धता महागात पडू शकते.

काळही हरवतो. 'अन्' मुदारिअला पुढच्या काळाकडे नेतो: 'यसुर्रुनी अन् तन्जह' म्हणजे तू यशस्वी व्हावंस, त्याने मला आनंद होईल. 'यसुर्रुनी नजाहुक' हे निकाल लागल्यावर पेढे घेऊन आलेल्यालाही म्हणता येतं. नकाराचं म्हणाल तर 'अल्ला' म्हणजे 'अन्' अधिक 'ला', आणि त्यातला 'ला' खोडण्यात निघून गेला तर वाक्य थेट विरुद्ध बोलतं. 'उफज्जिलु अल्ला अज्हब', मी न जाणं पसंत करतो, याचं रूप 'उफज्जिलु अदम अज्-जहाबि' होतं. 'अदम' विसरलात की तुम्ही जायला निघालात.

राहिला टिपेचा शेवटचा भाग, कुठल्याही वाक्यात चालतं आणि उलटही फिरवता येतं हा. 'असा अन् यअतिय', कदाचित तो येईल, यात 'अन् यअतिय' काढून मस्दर ठेवताच येत नाही. 'असा' हे क्रियापद तो स्वीकारत नाही. 29 व्या सूरेच्या दुसऱ्या आयतीत 'अहसिबन्-नासु अन् युत्रकू' आहे, लोकांना वाटलं का की त्यांना असंच सोडून दिलं जाईल. 'हसिब'ला दोन कर्मं लागतात आणि 'अन्'चं वाक्य एकटं दोन्हींची जागा भरतं. एकटा मस्दर ठेवला तर दुसऱ्या कर्माची जागा रिकामीच राहते.

उलट दिशेला तर अडथळे आणखी जास्त. 'शरहतु अद्-दर्स शर्हन्', मी धडा नीट समजावून सांगितला. इथला 'शर्हन्' क्रियेवर जोर देण्यासाठी आहे, त्याच्या जागी 'अन् अश्रह' बसत नाही. 'शर्हुन् वाजिहुन्', स्पष्ट विवरण, यात मस्दराला विशेषण लागलं आहे, आणि 'अन्'च्या वाक्याला विशेषण लावता येत नाही. इब्न मालिकने ही कसोटी फार आधी लावली होती: मस्दराच्या जागी 'अन्' किंवा 'मा'सह क्रियापद बसत असेल, तरच तो मस्दर क्रियापदासारखा पुढच्या शब्दावर चालतो. म्हणजे तो अदलाबदल गृहीत धरत नाही. ती होते की नाही हे आधी पाहायला सांगतो.